६४ अक्षरांवर मामांची सही

हा भाग ऐकायला ज्यांना वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना जे तोंडात आलं, ते थोडं नीट करून लिहिलंय. पण आकडे आणि ती विचित्र अक्षरं या वेळी डोळ्यांनी बघायलाच हवीत, म्हणून ज्यांनी ऐकलंय त्यांनीही एकदा नजर टाका.

सुरुवात माझ्या मामांपासून. मामांचं केज तालुक्यात छोटं किराणा दुकान आहे. मागच्या वर्षी शेजारच्या दुकानात चोरी झाली. पोलीस आले, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून त्या रात्रीचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेतलं, आणि पंच म्हणून मामांना बोलावलं. पंचनाम्यात खाली एक ओळ होती, इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेले, एकूण ६४. त्याखाली मामांनी सही केली. रात्री घरी मला फोन.

"अरे, मी कशावर सही केली रे? ना ते नाव, ना नंबर, ना पासवर्ड. उद्या कोर्टात वकिलानं विचारलं तर सांगू काय?"

मी म्हणालो, "मामा, ती हॅश व्हॅल्यू आहे."

"मंग? हॅश म्हंजे काय?"

मला तेव्हा धड सांगता आलं नाही. आज सांगतो. आणि ते सांगताना आपल्याला जालन्याला जावं लागेल, एका निवडणुकीच्या खटल्यात. त्या ६४ अक्षरांना आज कायद्याच्या फॉर्मवर स्वतःची जागा मिळाली आहे, आणि तिथवरच्या वाटेत आपल्या मराठवाड्याचं एक मोठं वळण आहे.

आधी ती अक्षरं

हॅश म्हणजे एक गणिती कृती. तिच्यात कुठलीही फाइल घाला, एका ओळीचा मेसेज असो की तीन तासांचा पिक्चर, बाहेर ठरलेल्या लांबीचाच निकाल येतो. एसएचए-२५६ नावाची पद्धत वापरली तर २५६ बिट, म्हणजे लिहिताना ६४ अक्षरं. तीच फाइल पुन्हा घातली तर तोच निकाल, बीडमध्ये घाला नाहीतर बोस्टनमध्ये. निकालावरून मूळ फाइल मात्र परत बनवता येत नाही.

हे बघा. पहिल्यांदा `hello` हा शब्द, मग तोच शब्द पहिलं अक्षर मोठं करून:

```
printf 'hello' | sha256sum
2cf24dba5fb0a30e26e83b2ac5b9e29e1b161e5c1fa7425e73043362938b9824

printf 'Hello' | sha256sum
185f8db32271fe25f561a6fc938b2e264306ec304eda518007d1764826381969
```

कॉम्प्युटरच्या आत छोटा h म्हणजे 01101000 आणि मोठा H म्हणजे 01001000. नीट बघा, आठ बिटांपैकी एकच वेगळा आहे. एका एकचं शून्य झालं आणि ६४ अक्षरांची सगळी ओळ बदलली. मामांच्या पेन ड्राइव्हवरच्या फुटेजचंही तसंच. एका फ्रेममधल्या एका ठिपक्याचा रंग बदलला, तरी पंचनाम्यातली ओळ जुळणार नाही.

दुसरी फाइल मुद्दाम अशी बनवायची की तिची हॅश पहिलीशी जुळेल, हे जमेल का? एसएचए-२५६ साठी ते आजवर कुणाला जमलेलं नाही. शक्य निकालांची संख्याच ७८ आकडी आहे. जुन्या पद्धतींना मात्र तडे गेलेत. एमडी-५ ही १९९१ सालची पद्धत. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एमडी-५ ची एकच हॅश देणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी बनवून दाखवल्या. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं एसएचए-१ बाबतीत तेच केलं, एक हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जगासमोर ठेवल्या.

इथं एक बारीक फरक आहे. या सगळ्यांनी दोन्ही फाइली स्वतःच घडवल्या होत्या. आधीपासून दुसऱ्याची असलेली, जप्त झालेली फाइल घेऊन तिच्या हॅशशी जुळणारी बनावट फाइल तयार करणं हे त्याहून कितीतरी अवघड काम आहे, आणि एमडी-५ बाबतीतही ते प्रत्यक्षात कुणी करून दाखवलेलं नाही. तरी जाणकार तपासनीस आज एमडी-५ वर एकट्यानं विसंबत नाही. एसएचए-२५६ लावतो, किंवा दोन पद्धतींच्या हॅश शेजारी-शेजारी नोंदवतो.

तुमच्या फोनवरचा फोटो

आता बीडचीच गोष्ट, आणि ही बोलायला जड आहे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. मोबाईलवर काढलेले व्हिडिओ आणि फोटो आरोपपत्राचा भाग झाले, आणि मार्च २०२५ च्या सुरुवातीला त्यातले फोटो सगळीकडे पसरले. माझ्याही फोनवर आले. मी उघडले आणि लगेच बंद केले. तुमच्यापैकी अनेकांचं तसंच झालं असणार. खटला न्यायालयात आहे, कुणी काय केलं यावर मी इथं काहीच बोलणार नाही.

पण मामांनी तेव्हा एक प्रश्न विचारला होता. "फोटो तर सगळ्या जिल्ह्याच्या मोबाईलमधी आहे. मंग पुरावा कोणता?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की ॲप तो लहान करून नव्यानं बांधतं. कोणत्या मॉडेलच्या कॅमेऱ्यानं काढला, किती वाजता काढला, लोकेशन चालू असेल तर कुठं काढला, अशी फाइलच्या पोटातली माहिती त्यात निघून जाते. डोळ्यांना चित्र तेच दिसतं, पण हॅशच्या हिशेबानं ती वेगळीच फाइल असते. घरी करून बघा. गॅलरीतल्या एका फोटोची हॅश काढा. तोच फोटो मित्राला नेहमीसारखा पाठवा आणि त्याच्याकडे आलेल्या फाइलची काढा: जुळणार नाही. मग तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आता जुळेल, कारण या वेळी ॲपनं फाइलला हात लावलेला नसतो.

म्हणून फिरलेला फोटो हजार फोनवर असला तरी तपासासाठी महत्त्वाची असते ती ज्या फोनवर काढला त्या फोनमधली फाइल. आणि ती तिथून अशी बाहेर काढावी लागते की वर्ष-दोन वर्षांनी न्यायाधीशांपुढे सांगता यावं: जप्त केलं तेव्हा जे होतं, तेच हे.

नक्कल कशी घेतात

सोपं आधी घेऊ, कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. समजा ५०० जीबीची आहे. तिच्यावर ५१२ बाइटचे ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. आपण घरी फोल्डर कॉपी-पेस्ट करतो तेव्हा फक्त दिसणाऱ्या फाइली येतात. तपासात पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं उचलतात, रिकामं दिसणारंही. कारण डिलीट केलेली फाइल बऱ्याचदा त्या 'रिकाम्या' जागेतच पडलेली असते. अशा नकलेला इमेज म्हणतात. आपल्याकडे पोलिसांच्या कागदांत 'मिरर इमेज' किंवा 'क्लोन कॉपी' असेही शब्द सापडतात.

डिस्क थेट लॅपटॉपला लावायची नाही. विंडोजला डिस्क दिसली की ते स्वतःहून तिच्यावर काहीबाही लिहितं, तुम्ही काही उघडलं नाही तरी. म्हणून मध्ये एक छोटी डबी लावतात, राइट ब्लॉकर. ती 'वाच' हा हुकूम जाऊ देते आणि 'लिही' हा हुकूम अडवते.

मग इमेज घ्यायला सुरुवात. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर ५०० जीबीला साधारण दीड तास. डेटा वाचतानाच सॉफ्टवेअर हॅश मोजत जातं. नक्कल पूर्ण झाली की ती पहिल्यापासून पुन्हा वाचून दुसऱ्यांदा हॅश काढतात, म्हणजे आणखी तेवढाच वेळ. दोन्ही ओळी जुळल्या तर नक्कल पक्की. ती ओळ पंचनाम्यात किंवा अहवालात लिहितात, मूळ डिस्क सील करून मुद्देमालात ठेवतात, आणि पुढचं सगळं काम नकलेवर. विश्लेषकाच्या हातून काही बिघडलं तर दुसरी नक्कल घ्यायची, मूळ डिस्कला धक्का नाही.

या क्रमात सगळ्यात नाजूक जागा कुठली? जप्तीचा क्षण आणि पहिली हॅश यांच्यातला वेळ. हॅश मागे बघू शकत नाही. सोमवारी डिस्क जप्त केली आणि पुढच्या महिन्यात प्रयोगशाळेत पहिल्यांदा हॅश काढली, तर ती ओळ पुढच्या महिन्यापासूनची साक्ष देते. मधल्या दिवसांची साक्ष लाखेच्या सीलनं, मुद्देमालाच्या रजिस्टरनं आणि कुणी कुणाच्या ताब्यात दिलं त्या सह्यांनी द्यायची असते. म्हणून बचावाचा हुशार वकील पहिल्यांदा दोन तारखा विचारतो: जप्ती कधीची आणि हॅश कधीची? मामांच्या पंचनाम्यात फुटेजची हॅश त्याच दिवशी, त्यांच्या डोळ्यांसमोर लिहिली होती. त्या पेन ड्राइव्हला मधले दिवसच नाहीत.

फोन स्वतःच बदलत राहतो

फोनची गोष्ट अवघड. डिस्क बाहेर काढून राइट ब्लॉकरला लावली तशी फोनची मेमरी लावता येत नाही. आजच्या फोनमधला डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली फोनच्याच चिपमध्ये असते. चिप उपटून काढली तर हातात फक्त अर्थहीन आकडे येतात. म्हणजे डेटा काढायला फोन चालू हवा, आणि चालू फोन कधी गप्प बसत नाही. घड्याळ पुढे जातं, लॉग लिहिले जातात, ॲप पार्श्वभूमीत काहीतरी साठवत राहतात.

जप्तीनंतर पहिलं काम म्हणजे नेटवर्क तोडणं. एअरप्लेन मोड लावतात किंवा फोन फॅरेडे बॅगमध्ये टाकतात, म्हणजे धातूच्या धाग्यांची अशी पिशवी जिच्यातून सिग्नल जात नाही. नाहीतर मालक दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून सगळं पुसून टाकू शकतो. मग सॉफ्टवेअरनं डेटा काढतात. त्याला एक्स्ट्रॅक्शन म्हणतात, आणि त्यातून जी मोठी फाइल तयार होते तिची हॅश नोंदवतात.

इथं कोर्टात एक गोंधळ होऊ शकतो. त्याच फोनचं आज एक्स्ट्रॅक्शन केलं आणि उद्या पुन्हा केलं, तर दोन्हींच्या हॅश जुळत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटतं, घ्या, छेडछाड झाली. तसं असेलच असं नाही. दरम्यान फोननं स्वतःच चार लॉग लिहिले, एवढंही पुरेसं आहे. मग ओळखायचं कसं? आतल्या एकेका फाइलची हॅश बघायची. ज्या व्हिडिओवर खटला उभा आहे त्या व्हिडिओची हॅश दोन्ही वेळी तीच आली, तर व्हिडिओ बदललेला नाही. व्हिडिओचीच ओळ बदलली असेल, तर मात्र तपास अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागेल.

नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडीचीही अशीच एक खोड आहे. डिलीट केलेल्या जागा ती मोकळ्या वेळात आतल्या आत साफ करते. राइट ब्लॉकर बाहेरचा हुकूम अडवतो, डिस्कच्या आतला कारभार नाही. त्यामुळे एकाच एसएसडीच्या दोन इमेज कधीकधी वेगळ्या येतात. असं काही झालं तर ते दडवायचं नसतं, अहवालात लिहायचं असतं.

जालन्याचं वळण

आता इतिहास. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. त्यात डिजिटल सहीच्या संदर्भात 'हॅश फंक्शन'ची व्याख्या होती. म्हणजे आपल्या कायद्याला हा शब्द तेव्हापासून माहीत आहे. त्याच कायद्यानं १८७२ च्या जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब घातलं: कॉम्प्युटरमधल्या माहितीची नक्कल किंवा प्रिंट कोर्टात द्यायची तर सोबत जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र हवं. पण त्या प्रमाणपत्रात हॅश लिहा असं कुठंच म्हटलं नव्हतं. आणि प्रमाणपत्र खरंच सक्तीचं आहे का, यावर पुढं वीस वर्षं वाद चालला.

वाद मिटला तो जालन्याच्या खटल्यात. २०१४ ची विधानसभा निवडणूक. जालन्यातून शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहून जिंकले. गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा असा, की उमेदवारी अर्जाची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनची होती आणि खोतकरांचे अर्ज तीननंतर आले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ चित्रीकरण चालू होतं. म्हणजे किती वाजता कोण आलं, याचं उत्तर कॅमेऱ्यात होतं.

कोर्टात आल्या त्या त्या चित्रीकरणाच्या सीडी, म्हणजे नकला. आणि सोबत ६५-ब चं प्रमाणपत्र नव्हतं. गोरंट्याल यांनी मागितलं, हायकोर्टानं सांगितलं, तरी अधिकाऱ्यांनी दिलं नाही. शेवटी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची साक्ष झाली, कॅमेरे कसे चालत होते ते त्यांनी उलटतपासणीत सांगितलं, आणि औरंगाबाद खंडपीठानं तेवढं पुरेसं मानून २४ नोव्हेंबर २०१७ ला निवडणूक रद्द ठरवली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमण्यन यांनी निकाल दिला. मूळ उपकरणच कोर्टात आणलं, म्हणजे फोनचा मालक स्वतः फोन घेऊन साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्र लागत नाही. पण नक्कल देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्यानं प्रमाणपत्र मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि समोरच्या कार्यालयानंच दिलं नाही, त्याचा दोष धरायचा नाही. गोरंट्याल यांचं नेमकं असंच झालं होतं, शिवाय सीडी बाजूला ठेवल्या तरी दुसरा पुरावा होता. त्यामुळे खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती.

या खटल्यात मला एक गोष्ट खटकते. सहा वर्षं सगळे भांडले ते कागदावर: सही कुणाची, अधिकार कुणाचा. पण प्रमाणपत्र असतं, तरी त्यातून एवढंच कळलं असतं की एक जबाबदार माणूस म्हणतोय, सीडी खरी आहे. सीडीवरचे बिट कॅमेऱ्यातल्या बिटांसारखेच आहेत का, हे त्या कागदावरून कुणालाच तपासता आलं नसतं. ते तपासायला ६४ अक्षरं लागतात.

ती अक्षरं १ जुलै २०२४ ला आली. त्या दिवशी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ मध्ये जुन्या ६५-ब चं नवं रूप आहे, आणि यावेळी प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या शेवटी छापूनच दिलाय. दोन भाग आहेत. भाग 'अ' रेकॉर्ड देणाऱ्यानं भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. उपकरणाचा मेक, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, फोन असेल तर आयएमईआय. आणि मग एक ओळ: या रेकॉर्डची हॅश व्हॅल्यू अमुक आहे, अमुक पद्धतीनं काढली. पुढे चौकोन: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५, इतर. आपण मघाशी पाहिलं, यातल्या दोघांना तडे गेलेत. फॉर्म भरणाऱ्याच्या हातात निवड आहे, म्हणून तुमच्यावर कधी वेळ आली तर एसएचए-२५६ च्या चौकोनावर खूण करा.

त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक केलं. मामांच्या पंचनाम्यावेळी एक शिपाई मोबाईल धरून उभा होता तो याचसाठी. मामांना वाटलं होतं, रील काढतोय.

हॅश काय सांगत नाही

इथं थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. महाराष्ट्रातलाच आणखी एक खटला बघू.

१७ एप्रिल २०१८ ला पुणे पोलिसांनी एल्गार परिषद प्रकरणात दिल्लीत रोना विल्सन यांच्या घराची झडती घेतली आणि लॅपटॉप जप्त केला. त्यात सापडलेली पत्रं खटल्यातला मोठा पुरावा ठरली. पुढे आरोपींना डिस्कच्या क्लोन कॉपी मिळाल्या, तशा त्या कायद्यानं द्याव्याच लागतात. विल्सन यांच्या वकिलांनी ती नक्कल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीकडे पाठवली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल आला. आर्सेनलचं म्हणणं असं: जून २०१६ मध्ये एका ईमेलमधून नेटवायर नावाचं, दुरून कॉम्प्युटर चालवणारं मालवेअर त्या लॅपटॉपमध्ये शिरलं. पुढचे २२ महिने हल्लेखोर आत होता. महत्त्वाची दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये दुरून आणून ठेवली गेली. ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही, आणि काही पत्रं वर्डच्या अशा आवृत्तीत बनली होती जी त्या लॅपटॉपवर नव्हतीच. राष्ट्रीय तपास यंत्रणेला हे मान्य नाही. पुण्याच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर आढळलं नाही, असं यंत्रणेनं सांगितलं. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तोही खटला लांबल्याच्या कारणावर. पत्रं कुणाची, याचा निवाडा झालेला नाही, आणि तो आपण इथं करायचाही नाही.

आपल्या विषयापुरतं बघा. समजा डिस्कची हॅश जप्तीच्या सकाळपासून आजपर्यंत तंतोतंत जुळते. त्यावरून एवढंच सिद्ध होतं की जप्तीनंतर कुणी काही घातलं नाही. पत्रं जप्तीच्या आदल्या दिवशी, आदल्या वर्षी कुणी घातली, याबद्दल ती ६४ अक्षरं अगदी गप्प असतात. आर्सेनलचा आरोप जप्तीआधीच्या काळाबद्दल आहे. तो खरा धरला किंवा खोटा धरला, हॅश दोन्ही बाबतीत जुळेल.

तरी याच खटल्यात हॅशचा दुसरा उपयोगही दिसतो. बचाव पक्षाकडे पूर्ण इमेज होती, म्हणूनच लॉग, लपवलेले फोल्डर आणि डिलीट केलेल्या जागा त्यांच्या तज्ज्ञाला चाळता आल्या. नुसत्या दहा पत्रांच्या प्रिंट मिळाल्या असत्या तर वाद घालायला जागाच नव्हती. आणि हॅश जुळली की दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ एकाच वस्तूबद्दल बोलत आहेत एवढं तरी पक्कं होतं. 'तुमची कॉपी वेगळी असेल' म्हणून कुणाला निसटता येत नाही.

मामांचं उत्तर

हे सगळं मी मामांना दुकानात बसून सांगितलं, मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबत थांबत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गोणी शिवल्यावर लावलेलं शिशाचं सील. सील शाबूत असलं तर मधी कुणी गोणी उसवली नाही. पण आत भेसळ आधीच केलेली असंल, तर सील काय सांगणार?"

मी दहा मिनिटं घेतली ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

मग मी त्यांना साक्षीपुरतं असं सुचवलं. वकिलानं विचारलं, "हा आकडा काय आहे?" तर गणित सांगत बसायचं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायचं: डीव्हीआरमधून फुटेज माझ्यासमोर पेन ड्राइव्हवर घेतलं, स्क्रीनवर ही ओळ आली, तीच पंचनाम्यात लिहिली, मी ताडून पाहिली, मग सही केली. आकड्याचं गणित तज्ज्ञ सांगेल. पंचाचं काम तो आकडा त्या दिवशी, त्या जागी, त्याच फाइलचा होता हे सांगणं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताडून नव्हती पाहिली रे. ६४ अक्षरं कोण वाचतंय? त्यांनी सांगितलं सही करा, मी केली."

मीही त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण अख्ख्या साखळीतली एवढी एकच कडी आपल्यासारख्यांच्या हातात असते, आणि ती दोन मिनिटांचीच असते. कधी पंच म्हणून बोलावणं आलं, तर स्क्रीनवरची ओळ आणि कागदावरची ओळ शेजारी धरा. निदान पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं बोट ठेवून जुळवा. हॅश काढायची राहिली असेल तर विचारा, "साहेब, ते आत्ताच काढता का?" आणि मगच सही करा.

मामांच्या खटल्याची तारीख अजून लागलेली नाही. लागली की पुढच्या एखाद्या भागात सांगेन, वकिलानं काय विचारलं आणि मामांनी काय उत्तर दिलं ते. तोवर नमस्कार.